एकच सक्रिय ग्राहक, एकच आकडा: मेट्रिक ग्लॉसरीतली पहिली नोंद कशी लिहावी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्या विजयनगरच्या ऑफिसात तिमाहीची बैठक होती. आमची कंपनी इंदूरची. शेव, नमकीन आणि मसाले विकते. राजवाड्याजवळ आणि आणखी काही ठिकाणी काउंटर आहेत, घरपोच मागवायला ॲप आहे आणि सियागंजातल्या गोदामातून किराणा व्यापाऱ्यांना ठोक माल जातो. शेठनी साधा प्रश्न विचारला: "३१ मार्चला आपले ॲक्टिव्ह कस्टमर किती?" मार्केटिंगच्या डॅशबोर्डवर १२,४००, सेल्सच्या डॅशबोर्डवर ९,१५० आणि हिशेबाच्या डॅशबोर्डवर ३,४८०. शेठ दोन मिनिटं तिन्ही पडदे बघत राहिले आणि म्हणाले, "माणसं तर तीच आहेत ना? मोजणारा बदलला की माणसं कशी बदलतात?"

तिघांपैकी कुणीही चुकीचं मोजलं नव्हतं. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजून त्यांना एकच नाव दिलं होतं. पुढचे दोन महिने मी हे निस्तरलं. ज्यांनी डेटाचं काम नुकतंच हातात घेतलंय आणि ज्यांच्यासमोर अशीच बैठक येणार आहे, त्यांच्यासाठी ते काम पायरीपायरीने लिहितोय. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून बदलून घेतले आहेत, गणित मात्र जसंच्या तसं आहे. कोडची उदाहरणं पोस्टग्रेस डेटाबेसची आहेत.

मेट्रिक ग्लॉसरी म्हणजे कंपनीत वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक आकड्याची लिखित व्याख्या जिथे एकदाच, एकाच जागी ठेवलेली असते ते पान. सुरुवातीला चाळीस नोंदी लिहायच्या मागे लागू नका. एकच घ्या, ज्यावर भांडण होतं ती. आमच्याकडे ती "सक्रिय ग्राहक" होती.

पहिली पायरी: व्याख्येवर चर्चा करण्याआधी नावं समोरासमोर मांडा

माझी पहिली चूक इथेच झाली. मी तिन्ही विभागांना बोलावून विचारलं, "तुमच्या मते सक्रिय ग्राहक कोण?" तासभर चर्चा झाली आणि प्रत्येक जण आपलं म्हणणं घेऊन परत गेला. प्रश्न असा हवेत विचारला की माणूस तत्त्व सांगतो. आणि त्याच्या डॅशबोर्डमागे जे सूत्र चालतंय ते बहुतेक वेळा त्याने स्वतः कधी वाचलेलं नसतं.

म्हणून दुसऱ्यांदा वेगळं केलं. एक तारीख ठरवली, ३१ मार्च २०२५. तिन्ही डॅशबोर्डमागची क्वेरी काढली आणि प्रत्येकीला फक्त संख्या न विचारता ग्राहकांची यादी मागितली. मग एक तक्ता केला: प्रत्येक ओळीत एक ग्राहक आणि पुढे तीन रकाने, मार्केटिंगच्या यादीत आहे का, सेल्सच्या आहे का, हिशेबाच्या आहे का. हो-नाहीचे सात गट पडतात. प्रत्येक गटातून वीसेक ग्राहक उचलून त्यांची बिलं डोळ्यांनी बघायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण दुसऱ्या कशानेही कारणं इतकी लवकर सापडत नाहीत.

अर्ध्या दिवसात चित्र स्पष्ट झालं. मार्केटिंगची यादी म्हणजे गेल्या ३० दिवसांत ॲप उघडलेली खाती. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी काही विकतच घेतलं नव्हतं. सेल्सची यादी म्हणजे १ जानेवारीपासून ज्या मोबाइल नंबरवर एक तरी बिल फाटलं ते नंबर. हिशेबाची यादी सगळ्यात लहान का, हे कळल्यावर मला वाईट वाटलं, कारण ते वर्षभर समोर होतं. टॅलीत काउंटरची सगळी रोख आणि यूपीआय विक्री "नगद विक्री" या एकाच खात्यात जाते. म्हणजे राजवाड्याच्या काउंटरवर येणारे हजारो लोक हिशेबाच्या दृष्टीने एकच ग्राहक होते.

हा तक्ता घेऊन बसलो तेव्हा चर्चा वीस मिनिटांत पुढे सरकली, कारण आता प्रत्येक मतभेदाला एक खरा माणूस आणि एक खरं बिल जोडलेलं होतं.

दुसरी पायरी: ग्राहक म्हणजे कोण

"सक्रिय" या शब्दावर सगळे वाद घालतात, पण आमच्या आकड्यातला मोठा घोळ "ग्राहक" या शब्दात होता. इथे घाई करू नका.

आधी मोबाइल नंबर. एकाच माणसाचा नंबर ॲपमध्ये `+91` लावून, काउंटरवर नुसता दहा आकडी आणि जुन्या एक्सेलमध्ये पुढे शून्य लावून असतो. डेटाबेससाठी ती तीन माणसं. नंबरातले आकडे सोडून बाकी सगळं काढायचं आणि शेवटचे दहा आकडे घ्यायचे:

```sql
right(regexp_replace(phone, '\D', '', 'g'), 10)
```

मग खोटे नंबर. हे काउंटरवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. मी एक संध्याकाळ राजवाड्याच्या काउंटरमागे काढली. गर्दी, समोर पाव किलो लौंग शेव मागणारा माणूस घाईत, आणि बिलाचं मशीन नंबर टाकल्याशिवाय पुढे जात नाही. काउंटरवरचा दादा शांतपणे `9999999999` टाकतो आणि बिल काढतो. मी विचारलं तर म्हणाला, "भिया, लोक नंबर देत नाहीत आणि मागे रांग लागते. काय करू?" त्याचं बरोबरच आहे, चूक मशीनच्या रचनेत आहे.

भारतातले मोबाइल नंबर ६ ते ९ पैकी एका आकड्याने सुरू होतात, ही तपासणी बऱ्याच ठिकाणी लावलेली असते. पण `9999999999` त्या तपासणीतून आरामात सुटतो. तो पकडायचा सोपा उपाय म्हणजे प्रत्येक नंबरावर तिमाहीत किती बिलं आहेत ते मोजा आणि मोठ्याकडून छोट्याकडे लावा. वरचे पंधरा-वीस नंबर बघितले की कळतं. आमच्याकडे असे १४ नंबर निघाले आणि त्यांच्यावर मिळून २,३०० बिलं होती. नीट बघा: ग्राहकांच्या आकड्यात यामुळे फक्त १४ चा फरक पडतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण २,३०० बिलांमागची माणसं आपल्याला माहीतच नाहीत. त्यांचा अंदाज बांधून आकड्यात भर घालू नका. त्या बिलांची ओळख रिकामी ठेवा आणि सक्रिय ग्राहकांच्या आकड्याशेजारी "ओळख न पटलेली बिले" ही संख्या नेहमी दाखवा. ती वाढायला लागली तर काउंटरवर काहीतरी बदललंय असं समजायचं, ग्राहक कमी झाले असं नाही.

ठोक व्यापाऱ्यांना मोबाइल नंबरने ओळखणं चालत नाही. दुकानात कधी वडील फोन करतात, कधी मुलगा. तिथे जीएसटी नंबर वापरा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे (मध्य प्रदेश २३, महाराष्ट्र २७) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. एखाद्या व्यापाऱ्याचं दुकान इंदूरलाही आणि जळगावलाही असेल तर जीएसटी नंबर दोन, पण पॅन एक. आम्ही ठरवलं की व्यापारी म्हणजे पॅन:

```sql
substr(gstin, 3, 10)
```

आणि एक प्रश्न जो आमच्या गावाच्या रीतीतून आला. रामबागेतली आई पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला ॲपवरून शेव पाठवते. बिल आईच्या नंबरावर, माल पुण्याच्या पत्त्यावर, खाणारा मुलगा. ग्राहक कोण? मार्केटिंगला मुलगा हवा होता, कारण पुण्यात ग्राहक वाढलेले दिसतात. आम्ही लिहिलं: ज्याने ऑर्डर दिली तो ग्राहक, पत्ता कुणाचाही असो. उत्तर वेगळंही असू शकलं असतं. ते लिहिलेलं असणं महत्त्वाचं, नाहीतर दर महिन्याला कुणीतरी नव्याने ठरवतो.

तिसरी पायरी: कशामुळे तो सक्रिय होतो

ॲप उघडलं, ऑर्डर दिली, माल पोचला, पैसे आले: या चारपैकी एक निवडायचं. आम्ही "माल पोचला" निवडलं. ॲप उघडणं खूप सैल आहे. पैसे येणं खूप उशिराचं, कारण सियागंजाचा व्यापार उधारीवर चालतो आणि पैसे पंचेचाळीस दिवसांनी आले म्हणून तो व्यापारी मधले दिवस आपला ग्राहक नव्हता असं होत नाही. काउंटरवर बिल फाटतं त्याच क्षणी माल हातात जातो, म्हणून तिथे बिलाची वेळ तीच पोचल्याची वेळ.

इथे परतीचा माल हा खरा अवघड भाग आहे. पूर्ण ऑर्डर परत आली तर ती मोजायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पण परत यायला दिवस लागतात. २८ मार्चला पोचलेली पेटी ९ एप्रिलला परत आली, तर ३१ मार्चचा आकडा ९ एप्रिलला बदलतो. शेठनी बैठकीत वाचलेला आकडा दहा दिवसांनी दुसरा दिसला की सगळा विश्वास उडतो. आमची परतीची मुदत १५ दिवसांची आहे, म्हणून नियम केला: महिनाअखेरचा आकडा पुढच्या महिन्याच्या १६ तारखेपर्यंत "तात्पुरता" या शब्दासह दिसेल. १६ ला तो एका वेगळ्या तक्त्यात साठवला जाईल आणि त्यानंतर परत आलेल्या मालामुळे बदलणार नाही.

तारखेचाही एक सापळा आहे. आमच्या ॲपच्या सर्व्हरवर वेळ यूटीसीमध्ये नोंदली जाते आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत झालेली प्रत्येक गोष्ट सर्व्हरच्या तारखेने आदल्या दिवशी जाते. सकाळी उघडणाऱ्या आणि रात्री नऊला बंद होणाऱ्या धंद्यात हे कधी जाणवत नाही. पण इंदूरच्या सराफा बाजारात रात्री खाण्याची दुकानं लागतात आणि तो मध्यरात्रीनंतरही जागा असतो, आमचं त्या बाजूचं काउंटर एक-दीडपर्यंत चालतं आणि ती बिलं ॲपच्याच सर्व्हरवर जातात. ३१ डिसेंबरच्या रात्री बारानंतर घेतलेला माल जानेवारीचा धरायचा की डिसेंबरचा, यावर तिमाहीचा आकडा हलतो.

या दोन पायऱ्यांतलं सगळं एका व्ह्यूमध्ये बसवलं:

```sql
create view active_customer_base as
select customer_key,
       channel,
       (delivered_at at time zone 'Asia/Kolkata')::date as delivered_on
from orders_clean
where status = 'delivered'
  and net_amount > 0
  and is_internal = false
  and customer_key is not null;
```

`orders_clean` म्हणजे दुसऱ्या पायरीप्रमाणे स्वच्छ केलेल्या ऑर्डरींचा तक्ता, `customer_key` म्हणजे तिथे ठरलेली ग्राहकाची ओळख आणि `is_internal` म्हणजे कर्मचाऱ्यांची आणि चाचणीची खाती. वरची ओळ `delivered_at` हा रकाना `timestamptz` प्रकारचा असेल तरच बरोबर चालते. तो नुसता `timestamp` असून आत यूटीसी वेळ असेल, तर आधी `at time zone 'UTC'` आणि मग `at time zone 'Asia/Kolkata'` असं दोनदा लिहावं लागतं. एकदाच लिहिलं तर वेळ पुढे सरकायच्या ऐवजी मागे सरकते आणि क्वेरी काही तक्रार करत नाही. खात्री करायची असेल तर रात्री साडेबाराचं एक छापील बिल हातात घ्या आणि व्ह्यूमध्ये त्याची तारीख बघा.

चौथी पायरी: किती दिवस

३०, ६०, ९० यांतला आकडा मतदानाने ठरवू नका. ग्राहक किती दिवसांनी परत येतो हे त्याच्या बिलांतच लिहिलेलं आहे. प्रत्येक दोन खरेद्यांमधलं अंतर काढा आणि दहापैकी नऊ अंतरं किती दिवसांच्या आत पडतात ते बघा:

```sql
select percentile_cont(0.9) within group (order by gap_days)
from (
  select delivered_on - lag(delivered_on) over
         (partition by customer_key order by delivered_on) as gap_days
  from active_customer_base
) t
where gap_days > 0;
```

आमच्याकडे अर्धी अंतरं २४ दिवसांच्या आत होती आणि दहापैकी नऊ ८४ दिवसांच्या आत. म्हणून ९० दिवस. ३० ठेवले असते तर दर दीड महिन्याने दोन किलो शेव नेणारं कुटुंब एका महिन्यात सक्रिय आणि पुढच्या महिन्यात नाही असं होत राहिलं असतं, आणि त्याला "परत या" म्हणून उगाच सवलतीचे मेसेज गेले असते.

या पद्धतीची मर्यादा लक्षात ठेवा. जो एकदाच आला आणि परत आलाच नाही, त्याचं अंतर या यादीत येतच नाही. म्हणून मिळणारा आकडा फक्त परत येणाऱ्यांबद्दल बोलतो. आणि क्वेरी किमान वर्षभराच्या बिलांवर चालवा. तीनच महिने घेतले तर शंभर दिवसांनी परतणारा माणूस दिसणारच नाही आणि उत्तर खोटं लहान येईल.

दिवाळीच्या डब्यांचा प्रश्न याच पायरीवर आला. काही घरं वर्षातून एकदाच, दिवाळीला, दहा-वीस डबे नेतात. ९० दिवसांच्या नियमाने ती फेब्रुवारीपर्यंत निष्क्रिय होतात. सेल्सचे काका यावर अडून बसले: "वीस वर्षं येतायत ती, त्यांना निष्क्रिय म्हणायचं?" त्यांच्यासाठी मुदत ३६५ दिवस केली असती तर बाकी सगळ्यांचा आकडा निरुपयोगी झाला असता. आम्ही व्याख्या ताणली नाही, दुसरं नाव दिलं: "सणाचा ग्राहक", वेगळी नोंद, वेगळा आकडा. मार्केटिंगच्या ३० दिवसांच्या आकड्यालाही असंच त्याचं खरं नाव मिळालं, "ॲप उघडणारी खाती". त्यांना तो आकडा हवा होता आणि तो मोजणं योग्यच होतं, फक्त त्याला ग्राहक म्हणणं थांबलं.

पाचवी पायरी: नोंद लिहा

आमची नोंद अशी आहे, पूर्ण:

> सक्रिय ग्राहक (९० दिवस). दिलेल्या तारखेसह मागच्या ९० दिवसांत ज्याला किमान एक ऑर्डर पोचली आणि परतीनंतरही तिची रक्कम शून्यापेक्षा जास्त राहिली, असा ग्राहक. ग्राहकाची ओळख: काउंटर आणि ॲपसाठी स्वच्छ केलेला दहा आकडी मोबाइल नंबर, ठोकसाठी पॅन. ऑर्डर देणारा तो ग्राहक, माल घेणारा नव्हे. तारीख भारतीय वेळेनुसार. वगळलेले: कर्मचारी, चाचणी खाती, ओळख न पटलेली बिले. महिन्याचा आकडा पुढच्या १६ तारखेला अंतिम. काय मोजत नाही: ॲप उघडणे, न पोचलेली ऑर्डर, चौकशी. गणिताची जागा: `active_customer_base`. जबाबदार: सेल्स विभागप्रमुख. आवृत्ती १, १ जून २०२५ पासून.

दोन गोष्टींकडे लक्ष द्या. नावातच ९० दिवस आहेत, म्हणजे उद्या कुणी डॅशबोर्डवर नुसतं "सक्रिय ग्राहक" लिहिलं तर ते अपूर्ण वाटेल. आणि जबाबदार माणूस सेल्समधला आहे, डेटा विभागातला नाही. सूत्र मी लिहितो, पण कोण ग्राहक हे ठरवणं धंद्याचं काम आहे.

सहावी पायरी: मोजा आणि जुन्या आकड्यापर्यंतचा हिशेब मांडा

```sql
select count(distinct customer_key)
from active_customer_base
where delivered_on >  date '2025-03-31' - 90
  and delivered_on <= date '2025-03-31';
```

पहिल्या अटीत `>` आहे, `>=` नाही. ३१ मार्चमधून ९० दिवस वजा केले की ३१ डिसेंबर येतो, म्हणून त्यानंतरचे, म्हणजे १ जानेवारी ते ३१ मार्च: ३१ अधिक २८ अधिक ३१, बरोबर ९०. लोक इथे सवयीने `between` लिहितात. त्यात दोन्ही टोकं धरली जातात, दिवस ९१ होतात, आणि तो जादा दिवस नेमका ३१ डिसेंबर, नमकीनच्या धंद्यातला गर्दीचा दिवस.

उत्तर आलं ७,९००. नुसता हा आकडा नेऊन ठेवला तर सेल्सला वाटतं त्यांचे साडेबाराशे ग्राहक कुणीतरी कापले. म्हणून ९,१५० पासून एकेक वजाबाकी दाखवली. नंबरांचे वेगवेगळे रूप एकत्र केल्याने ६१० गेले, राहिले ८,५४०. खोटे नंबर १४, राहिले ८,५२६. कर्मचारी आणि चाचणी खाती ९६, राहिले ८,४३०. ज्यांचं फक्त रद्द किंवा पूर्ण परत आलेलं बिल होतं ते ३७०, राहिले ८,०६०. व्यापाऱ्यांचे अनेक नंबर एका पॅनखाली आल्याने १४०, राहिले ७,९२०. वेळ आणि पोचण्याच्या तारखेमुळे दोन्ही टोकांना मिळून २०. राहिले ७,९००. सेल्सच्या काकांनी हा कागद दोनदा वाचला, ३७० जणांची यादी मागितली, त्यातली दहा बिलं स्वतः तपासली आणि सही केली. हिशेब बघणाऱ्या ताईंनी विचारलं की टॅली बदलावी लागेल का. नाही. टॅलीतलं "नगद विक्री" खातं हिशेबासाठी योग्य आहे, ग्राहक मोजायला ते वापरायचं नाही इतकंच.

लगेच पुढची गडबड होते ती बेरजेची. कुणीतरी विचारतं, काउंटर, ॲप, ठोक वेगवेगळं दाखवा. काउंटर ४,६५०, ॲप ३,१००, ठोक ७२०. बेरीज ८,४७०, पण एकूण ७,९००. हा फरक चूक नाही. ५७० ची भर पडते ती एकापेक्षा जास्त मार्गांनी घेणाऱ्यांमुळे. काउंटरवरही येतो आणि ॲपवरूनही मागवतो, असा माणूस दोन्हीकडे मोजला जातो आणि एकूणात एकदाच. महिन्यांचंही तसंच: जानेवारी, फेब्रुवारी, मार्चचे आकडे जोडून तिमाहीचा आकडा मिळत नाही. म्हणून डॅशबोर्डला तयार बेरजा देऊ नका. ग्राहकाच्या पातळीवरचा व्ह्यू द्या आणि प्रत्येक तुकड्यासाठी मोजणी नव्याने होऊ द्या. तक्त्याखाली "मार्गांची बेरीज एकूणापेक्षा जास्त येते" ही ओळ छापा. ती नसेल तर दर सोमवारी कुणीतरी फोन करतं.

सातवी पायरी: डॅशबोर्ड वळवा

आमच्याकडे तीन डॅशबोर्ड माहीत होते. शोधल्यावर अकरा ठिकाणी हा आकडा निघाला. पॉवर बीआयच्या फायलींत मेजरमध्ये दडलेली सूत्रं, एका एक्सेलमधली फिल्टर लावून ठेवलेली शीट, आणि दर सोमवारी शेठना व्हॉट्सॲपवर जाणारा फोटो. शोधताना "ॲक्टिव्ह" हा शब्द शोधू नका, ऑर्डरच्या तक्त्याचं नाव शोधा. सूत्राला कुणी काय नाव देईल याचा नेम नसतो, पण डेटा तिथूनच येतो.

प्रत्येक ठिकाणचं सूत्र काढून टाकलं आणि व्ह्यू जोडला. डॅशबोर्डच्या आत नंतर लावलेले फिल्टरही तपासा. आमच्या एका पानावर "फक्त इंदूर" असा फिल्टर लपलेला होता आणि आकडा कायम कमी यायचा. जुना आणि नवा आकडा सहा आठवडे शेजारी ठेवला, जुन्यावर "बंद होणार" असं लिहून. त्यानंतर जुना काढला. काढायची तारीख आधीच जाहीर केली नाही तर जुना कधीच जात नाही.

आता रोज सकाळी सातला एक छोटी तपासणी चालते. अकराही ठिकाणचा आदल्या दिवसाचा आकडा घेते आणि व्ह्यूच्या उत्तराशी ताडते. एकाचाही फरक पडला तर मला मेल येतो. पहिल्या महिन्यात चारदा आला, चारही वेळा कुणीतरी डॅशबोर्डात स्वतःचा फिल्टर घातला होता.

आठवी पायरी: व्याख्या बदलायची वेळ आली की

ती येतेच. ऑगस्टमध्ये ठोक विभागाने सांगितलं की व्यापारी सात ते दहा दिवसांत परत येतो, त्याच्यासाठी ९० दिवस फार सैल. दोन महिने मालच न उचललेला व्यापारी अजून सक्रिय दिसतो आणि तोवर तो दुसऱ्याकडे गेलेला असतो. चौथ्या पायरीतली क्वेरी फक्त ठोकवर चालवली, दहापैकी नऊ अंतरं २६ दिवसांच्या आत आली. मागणी खरी होती.

आम्ही जुनी नोंद खोडून दुरुस्त केली नाही. ठोकसाठी "सक्रिय व्यापारी (३० दिवस)" ही नवी नोंद केली आणि कंपनीचा एकूण आकडा ९० दिवसांवरच ठेवला, कारण तो शेठ मागच्या तिमाहीशी ताडून बघतात. एकूण आकड्याचीच व्याख्या बदलावी लागली असती, तर आवृत्ती २ लिहिली असती, मागच्या बारा महिन्यांचे आकडे नव्या नियमाने पुन्हा काढले असते आणि आलेखावर बदलाच्या तारखेला उभी रेघ मारली असती. साठवलेले जुने अंतिम आकडे तरीही पुसले नसते. त्या बैठकांत जे वाचलं गेलं ते तेच होते.

नव्या नोंदीवर ठोकच्या प्रमुखांनी १२ ऑगस्टला सही केली, आणि त्याच दुपारी दोन महिने माल न उचललेल्या व्यापाऱ्यांची यादी सियागंजच्या गोदामात पोचली.